दिवाळीची भेट, कंपनीच्या हिशेबात (व्हिडिओ संहिता, सुमारे अडीच मिनिटं)

दृश्य: उघडा डबा. हात एकेक वस्तू बाहेर काढतो.

निवेदन: पातळ पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम, भाजणीची चकली २०० ग्रॅम, बेसनाचे आठ लाडू, दोन पणत्या, घडीचा आकाशकंदील आणि उटणं. उटणं सीलबंद पाकिटात. नाहीतर दोन दिवसांत लाडवांना कापूरकाचरीचा वास लागतो.

दृश्य (जवळून): पुठ्ठ्याच्या खाचेत घट्ट बसलेली पणती.

निवेदन: पणती सुटी राहिली की चकलीचा चुरा ठरलेला. भरलेला डबा आम्ही कमरेच्या उंचीवरून टाकून बघतो. कोपरा चेपला तर चेपू दे, चकली मोडता कामा नये.

पडद्यावर: ५० ते १९९ डबे: ७८० रुपये. २०० ते ४९९: ७२०. ५०० च्या पुढे: ६६५. जीएसटी आणि पोच वेगळी.

निवेदन: आकडा काढताना एचआरच्या यादीवर थांबू नका. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हर बहुधा ठेकेदाराच्या पटावर असतात आणि नेमके तेच राहून जातात. वर पाच टक्के जादा धरा. नंतरच्या दहा डब्यांसाठी छपाई पुन्हा लावावी लागते, ती महाग पडते. आणि हो, भेट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. बजेट करासकट धरा.

दृश्य: झाकणावर सोनेरी लोगो उमटतो. शेजारी नावाच्या चिठ्ठ्या.

निवेदन: लोगो सीडीआर किंवा व्हेक्टर पीडीएफमध्ये पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मोठा केला की कडा फाटतात. फॉइलमध्ये छटा येत नाहीत, म्हणून रंगीत लोगो असेल तर स्क्रीन प्रिंट घ्या. प्रत्येकाचं नाव हवं असेल तर यादी देवनागरीतच द्या. इंग्रजीत ‘Kale’ लिहिलं, तर आम्ही काळे छापायचं की काले?

दृश्य: टेम्पोत रचलेले खोके, मग एका घराचं दार.

निवेदन: ऑफिसात एकगठ्ठा माल हवा असेल तर गेटपास आणि लिफ्टची वेळ आदल्या दिवशी कळवा. घरपोच हवं असेल तर एक्सेलमध्ये एका ओळीत एक पत्ता, पिनकोड आणि मोबाइल वेगळ्या रकान्यांत. डब्यात आणखी काही घालायचंय? उंची बघा. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३० बाय २५ बाय १० चा डबा दीड किलो धरला जातो. तोच १५ उंच केला की सव्वादोन किलो. आत हवा असली तरी.

पडद्यावर: यादी आणि लोगो: दसऱ्यापर्यंत. घरपोच माल रवाना: वसुबारसेच्या आठ दिवस आधी.

निवेदन: दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस. फराळ आम्ही आधी करून ठेवत नाही, तळण रवानगीच्या आठवड्यातलंच. त्यामुळे दसऱ्यानंतर आलेल्या ऑर्डरला नावाची छपाई मिळणार नाही, साधं झाकण मिळेल. नमुन्याचा डबा आजच मागवा. त्याचे पैसे ऑर्डरच्या बिलातून वजा होतील.