परमश्रेय आणि मोक्ष : सोमवारच्या पेपरासाठी चार उत्तरं

मुलांनो, गेल्या चाचणीत बहुतेकांनी एक वाक्य लिहिलं होतं : "ग्रीक विचार ऐहिक, भारतीय विचार पारलौकिक." हे वाक्य पेपरात लिहू नका. पायथागोरस आणि प्लेटो पुनर्जन्म मानत होते, आणि परलोक न मानणारा चार्वाक आपलाच होता. फरक आहे, पण तो देशादेशांत सरळ वाटून देता येत नाही. तो कुठे आहे हे दाखवता आलं तरच उत्तराला वजन येतं. खालची उत्तरं तुमच्या शब्दांत उतरवून घ्या. मालवणहून पहिल्या एसटीने येणाऱ्यांनी गाडीत वाचली तरी चालतील.

१. ॲरिस्टॉटलचे परमश्रेय व मोक्ष यांत फरक काय? (५ गुण)

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये परमश्रेयाला युडेमोनिया म्हणतो. सद्गुणाला धरून आत्म्याचे जे कार्य चालते, तेच हे श्रेय. तेही एखाद्या दिवसापुरते नव्हे, पूर्ण आयुष्यभर. एका भिंगरीने वसंत येत नाही, असे तो म्हणतो. त्यासाठी मित्र आणि पुरेशी साधने लागतात. न्यायदर्शनात मोक्षाला अपवर्ग म्हणतात, म्हणजे दुःखापासून कायमची सुटका. एकाकडे काही घडवायचे आहे, दुसऱ्याकडे कशातून तरी सुटायचे आहे. पुरुषार्थांच्या भाषेत, ॲरिस्टॉटलचे श्रेय मुख्यतः धर्म, अर्थ, काम यांच्या घरातले आहे. मात्र शेवटच्या, दहाव्या भागात तो चिंतनाच्या जीवनाला दैवी म्हणतो. तिथे तो चौथ्या पुरुषार्थाच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

२. कठोपनिषद व प्लेटो यांच्या रथाच्या रूपकांची तुलना करा. (५ गुण)

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ देणार, कारण इथे दोन्ही परंपरा एकाच चित्राकडे बोट दाखवतात आणि तरी वेगळं बोलतात.

कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत्मा रथात बसलेला रथी. विवेकी माणसाचा प्रवास विष्णूच्या परमपदाला पोहोचतो, तो पुन्हा जन्म घेत नाही. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये आत्माच सारथी आणि आत्माच घोडे : एक घोडा चांगल्या जातीचा, दुसरा हट्टी. रथाला पंख आहेत. घोडा आवरला नाही तर पंख गळतात आणि आत्मा देहात पडतो. प्लेटोच्या रथात वेगळा रथी नाही. म्हणून त्याचा संघर्ष आत्म्याच्या आत चालतो आणि विवेक आत्म्याला स्वच्छ करतो. कठात आवरायचे असते ते इंद्रिय-मनाला. आत्मा मुळातच निराळा आहे.

समजायला आपली होडी घ्या. पागायला निघताना तांडेल सुकाणू धरतो, खलाशी बाकीचं काम करतात. होडीचा मालकही सोबत बसला असेल, तर लाट आली तरी सुकाणू त्याच्या हातात नसतं. कठोपनिषदात तो मालक आहे. प्लेटोच्या होडीत तांडेलाशिवाय दुसरा मालक नाही. पेपरात होडी लिहू नका, रथच लिहा. होडी तुमच्यासाठी आहे.

३. एपिक्युरस हा ग्रीक चार्वाक म्हणता येईल का? (३ गुण)

नाही. एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) चार्वाकाप्रमाणेच सुखाला श्रेय मानतो, पण त्याचे सुख म्हणजे मनाची अस्वस्थता जाणे. इच्छांची तो विभागणी करतो : काही नैसर्गिक व आवश्यक, काही नैसर्गिक पण अनावश्यक, काही दोन्ही नाहीत. भाकरी-पाण्याने भागणे हे त्याला कमीपणाचे वाटत नाही. या बाबतीत तो चार्वाकापेक्षा तृष्णाक्षयाच्या बुद्धविचाराजवळ जातो, पण पुनर्जन्म मात्र मानत नाही.

४. स्टोइक ज्ञानी व स्थितप्रज्ञ. (३ गुण)

स्टोइक या ग्रीक पंथासाठी सद्गुण हेच एकमेव शुभ. आरोग्य, पैसा, मान हे ना शुभ ना अशुभ. विश्वाच्या विवेकाशी जुळून घेणे म्हणजे स्वातंत्र्य. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ (श्लोक ५४–७२) दुःखात उद्विग्न होत नाही, सुखाची हाव धरत नाही. वागणे सारखे, टोक निराळे : स्टोइकाचे श्रेय या जगण्यातच पुरे होते, स्थितप्रज्ञ ब्रह्मनिर्वाणाला पोहोचतो.

हिताचे ते 'श्रेयस' आणि आवडीचे ते 'प्रेयस', हे शब्द कठोपनिषदातलेच आहेत; पहिल्या उत्तरात एकदा वापरले तर परीक्षकाच्या नजरेत भरतील. शनिवारी चारनंतर मी घरीच आहे. दोन्ही रथांच्या आकृत्या काढून आणा, सारथ्याच्या जागी कोण बसतो ते लिहून.