चिंध्या, पाणी आणि चाळण: कागदाचा लांबचा प्रवास

पपायरसला कागद म्हणणं सोडलेलं बरं. नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या दांड्यातून पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा लावायचा आणि दाबून वाळवायचं. यात पट्टी शेवटपर्यंत पट्टीच राहते. घडीवर ती लवकर तडकते, म्हणून तिची गुंडाळी करत. आपलं भूर्जपत्र ही तर सालच, आणि ताडपत्र हे पान. कागद बनवताना वनस्पतीचे तंतू आधी पार सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि चाळणीवर नव्याने एकमेकांत गुंततात. गोंद लागत नाही. वाळता वाळता तंतूच एकमेकांना धरतात.

हे चीनमध्ये सुरू झालं. गान्सू प्रांतात फांगमातानला सापडलेला नकाशाचा कागदी तुकडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला आहे. त्यामुळे इ.स. 105 मध्ये साई लुनने कागदाचा ‘शोध’ लावला, हे शाळेतलं वाक्य जरा सैल करावं लागतं. हान दरबारातल्या या अधिकाऱ्याने झाडाची साल, भांगेच्या झाडाचा वाख, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची पद्धत सम्राटापुढे मांडली. फुकटात मिळणारा कच्चा माल वापरला, हे त्याचं खरं काम.

कृती ऐकायला सोपी आहे. तुतीच्या जातीच्या झाडाची आतली साल राखेच्या पाण्यात शिजवायची, धुवायची आणि कुटायची. कुटाई कमी झाली तर तंतूंच्या गाठी राहतात आणि कागद उजेडात धरला की ढगाळ दिसतो. जास्त झाली तर लगद्यातून पाणी लवकर निथळत नाही आणि वाळताना कागद आकसतो. हौदात शंभर लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो सुका तंतू पुरतो. चाळण बुडवून सपाट वर काढायची आणि पाणी निथळायच्या आत हलवायची. हात एका बाजूला कलला की तिकडे जाड, दुसरीकडे भोक.

सुरुवातीला चौकटीवर ताणलेल्या कापडावर लगदा ओतत आणि कागद त्यावरच वाळवत. म्हणजे एका चौकटीवर एका वेळी एकच कागद, आणि तो वाळेपर्यंत चौकट अडकलेली. पुढे बांबूच्या काड्यांची सुटी चटई आली. ओला कागद उलटा टाकून चटई लगेच मोकळी करता येऊ लागली, आणि एकाच चौकटीवर कागदामागून कागद निघू लागले. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी उडी हीच.

पुढचा प्रवास सावकाश झाला. चीनच्या वायव्येकडच्या दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पहाऱ्याच्या बुरुजात 1907 साली पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनला मध्य आशियातल्या सोग्दियन लोकांची पत्रं मिळाली. चौथ्या शतकाच्या आरंभीची, व्यापाऱ्यांच्या गोटातली आणि कागदावर लिहिलेली. म्हणजे 751 च्या अरब आणि चिनी सैन्यांतल्या तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद शिकवला, ही प्रसिद्ध गोष्ट जमेस धरली तरी त्या वाटेवर कागदाची गिऱ्हाइकं आधीपासून होती. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला कागद होऊ लागला. तिथे तुतीची साल कुठली? मग जवसाच्या धाग्याच्या झिजलेल्या कापडाच्या चिंध्या आल्या आणि लेखणीची शाई फुटू नये म्हणून पिठाची खळ.

युरोपातल्या दमट हवेत ही खळ नीट टिकेना. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने 1231 मध्ये सरकारी दस्तांसाठी कागद वापरायला मनाई केली, आणि ती अगदीच आडमुठी म्हणता येणार नाही. त्याच शतकात इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी पाणचक्कीवर चालणारे हातोडे कुटाईला लावले, पिठाऐवजी जनावरांच्या कातड्यातून काढलेली सरसाची खळ घेतली आणि तारेची चाळण वापरली. त्या चाळणीवर तारेचं चिन्ह बसवलं की तिथे लगदा पातळ बसतो. उजेडात दिसणारी जलखूण ती हीच. जर्मनीत न्यूरेम्बर्गला पहिली गिरणी आली ती 1390 मध्ये.

आपल्याकडे ही कला मध्य आशियाच्या वाटेने आली. पंधराव्या शतकात काश्मीरच्या झैनुल आबिदीनने तिला आश्रय दिला. दख्खनमध्ये दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद बनवणाऱ्यांच्या वस्त्या होत्या. इथे जुने दोर आणि गोणपाट चुन्यात भिजवून कुटत. वाळलेल्या कागदाला खळ लावत आणि मग गुळगुळीत दगडाने दोन्ही अंगांनी घोटत. हे घोटणं शोभेचं नव्हतं. न घोटलेल्या कागदाच्या तंतूंत बरूचं टोक अडकतं आणि शाई पसरते, आणि मोडी तर हात न उचलता, भराभर लिहायची.