सराव प्रश्नसंच : संप्रेरके आणि चेतासंस्था

वेळ 10 मिनिटे, प्रश्न 8, प्रत्येकी 2 गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. पर्याय मुद्दाम एकमेकांना खेटून ठेवले आहेत, म्हणून चारही वाचल्याशिवाय खूण करू नका.

प्र. 1. मूत्रावाटे जाणारे पाणी रोखणारे एडीएच हे संप्रेरक कोठे तयार होते?
(अ) अग्र पीयूषिका (ब) पश्च पीयूषिका (क) अधश्चेतक (ड) अधिवृक्क बाह्यक

प्र. 2. जोड्या लावा.
1. अवटू 2. परावटू 3. अधिवृक्क बाह्यक 4. अधिवृक्क मध्यक
प. रक्तातील कॅल्शिअम वाढवणारे संप्रेरक
फ. रक्तातील कॅल्शिअम कमी करणारे संप्रेरक
भ. सोडिअम राखून पोटॅशिअम बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक
म. अचानक धोका दिसताच हृदयाचे ठोके वाढवणारे संप्रेरक
(अ) 1-प, 2-फ, 3-भ, 4-म (ब) 1-फ, 2-प, 3-भ, 4-म
(क) 1-फ, 2-प, 3-म, 4-भ (ड) 1-प, 2-फ, 3-म, 4-भ

प्र. 3. रात्रभर उपाशी असलेल्या निरोगी व्यक्तीच्या रक्तातील साखर टिकवण्यासाठी स्वादुपिंडातून काय घडते?
(अ) अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, यकृतातील ग्लायकोजेन फुटते
(ब) अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, स्नायूंतील ग्लायकोजेन फुटून ग्लुकोज रक्तात येते
(क) बीटा पेशी ग्लुकागॉन सोडतात, यकृतातील ग्लायकोजेन फुटते
(ड) बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, यकृतात ग्लायकोजेन साठते

प्र. 4. रुग्णाच्या हातात पूर्ण ताकद आहे. पण बोट नाकाला लावायला सांगितले की हात थरथरतो आणि नेम चुकतो. इजा कोठे असण्याची शक्यता सर्वाधिक?
(अ) प्रमस्तिष्क (ब) मस्तिष्कपुच्छ (क) मेरुरज्जू (ड) अनुमस्तिष्क

प्र. 5. कोणती संवेदना आधी थॅलॅमसमध्ये न थांबता प्रमस्तिष्काच्या बाह्यकापर्यंत पोचते?
(अ) दृष्टी (ब) गंध (क) स्पर्श (ड) श्रवण

प्र. 6. समोरच्याचे बोलणे नीट कळते, पण स्वतः बोलताना एकेक शब्द मोठ्या कष्टाने निघतो. बिघाड कोठे?
(अ) टेंपोरल खंडातील वेर्निके क्षेत्र (ब) ऑक्सिपिटल खंड
(क) फ्रंटल खंडातील ब्रोका क्षेत्र (ड) हिपोकॅम्पस

प्र. 7. चुकीची जोडी ओळखा.
(अ) पिनिअल – मेलॅनिन (ब) थायमस – थायमोसिन
(क) अंडाशय – प्रोजेस्टेरॉन (ड) वृषण – टेस्टोस्टेरॉन

प्र. 8. विधाने तपासा.
(i) गरम भांड्यावरून हात झटकन मागे घेण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचे केंद्र मेरुरज्जूत असते.
(ii) खोकला आणि शिंक यांची केंद्रेही मेरुरज्जूतच असतात.
(अ) फक्त (i) बरोबर (ब) फक्त (ii) बरोबर (क) दोन्ही बरोबर (ड) दोन्ही चूक

उत्तरे

1 – क. बहुतेकांची खूण 'ब'वर जाते. पश्च पीयूषिका हे संप्रेरक साठवते आणि सोडते, बनवत नाही. ते अधश्चेतकातील चेतापेशींत बनते आणि त्यांच्याच लांब अक्षतंतूंतून खाली उतरते. ऑक्सिटोसिनचेही तसेच. म्हणून प्रश्नात 'तयार होते' आहे की 'स्रवते' आहे, तो एक शब्द आधी पाहा.

2 – ब. अवटू म्हटले की थायरॉक्झिनच आठवते आणि कॅल्सिटोनिन विसरले जाते. नाव सारखे, काम उलटे: अवटूचे कॅल्सिटोनिन कॅल्शिअम उतरवते, परावटूचे पॅराथॉर्मोन चढवते. अधिवृक्काचे दोन थर म्हणजे जवळजवळ दोन वेगळ्या ग्रंथीच: बाहेर अल्डोस्टेरॉन, आत ॲड्रेनॅलिन.

3 – अ. 'ब' हा खरा सापळा. स्नायूंकडे ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे विकर नसते, त्यामुळे त्यांच्या ग्लायकोजेनपासून मोकळे ग्लुकोज रक्तात येत नाही. स्नायूंचा साठा स्नायूंपुरताच.

4 – ड. हालचालीचा हुकूम प्रमस्तिष्काचा, तिचा नेम आणि तोल अनुमस्तिष्काचा. ताकद शाबूत असल्याचे प्रश्नातच सांगितले आहे. 'अ' आणि 'क' तिथेच मागे पडतात.

5 – ब. थॅलॅमस आणि अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, यांची गल्लत करू नका. पहिला संवेदना पुढे पाठवतो, दुसरा तहान, भूक आणि तापमान सांभाळतो.

6 – क. पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाची नोंद केली, त्याच्या तोंडून 'टॅन' एवढेच निघे, समज मात्र बरीच टिकून होती. वेर्निके क्षेत्रात इजा झाली तर चित्र उलटे: बोलणे ओघवते, पण अर्थ हरवलेला.

7 – अ. मेलाटोनिन हवे. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य आहे.

8 – अ. खोकला आणि शिंक मस्तिष्कपुच्छाकडे, श्वास आणि ठोक्यांच्या शेजारी. आणि हात आधी मागे येतो, 'आई गं' नंतर निघते, कारण वेदनेची जाणीव व्हायला संदेश मेंदूपर्यंत जावा लागतो.