ललितच्या आधीची आठ मिनिटे

सांगलीतील एका शाळेच्या मैदानावर दिवाळी पहाटची मैफल साडेपाचला सुरू व्हायची होती. पाच वाजून बावीस मिनिटांनी प्रेक्षकांच्या मधोमध ठेवलेल्या, सगळ्या माइकचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या डिजिटल कन्सोलचा पडदा एकदा लखलखला आणि काळा झाला. मैफलीचा आवाज सांभाळणाऱ्या स्मिताने हात लावण्याआधीच कन्सोलच्या मागच्या जाळीतून जळक्या बॅकेलाइटसारखा उग्र वास आला. त्या वासाने तिला एवढे कळले, की बंद करून चालू करण्यात आता अर्थ उरलेला नाही.

रंगमंचावरचे बावीस माइक एका स्टेज बॉक्समध्ये जोडलेले होते आणि तिथून एकच नेटवर्क केबल मैदान ओलांडून कन्सोलपर्यंत येत होती. पूर्वी ज्या जाडजूड मल्टिकोर केबल अंथराव्या लागत, त्यांच्या जागी आलेली ही सोय एरवी फार चांगली असते. पण कन्सोलच गेला की स्टेज बॉक्स निव्वळ एक पेटी उरतो, त्यातून आवाज बाहेर काढायला दुसरी वाट नसते.

"ताई, गाडीतला बारा चॅनेलचा मिक्सर आणतो आणि इथंच लावतो," असे म्हणून तिचा मदतनीस बाळू धावत सुटणार होता.

"आण, पण इथं लावायचा नाही. विंगेत ॲम्प रॅकजवळ ने, आणि मी सांगेपर्यंत पिन कशातही घालू नकोस."

संयोजक धापा टाकत आले. "स्मिताताई, लोक बसलेत, पाहुणे आलेत, पहिल्यांदा आवाज सुरू करा, बाकीचं मागाहून बघू." त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर होते. तरीही स्मिताने खिशातला मीटर काढला. कन्सोल का जळला हे समजल्याशिवाय दुसरे यंत्र त्याच वीजेवर लावणे म्हणजे तेही जाळून घेणे, आणि गाडीत तिसरा मिक्सर नव्हता. घाईच्या वेळी मोजमापासाठी थांबायला फार धैर्य लागते, कारण बघणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो.

तिची नजर रंगमंचावरील हॅलोजन दिव्यांकडे गेली. डावीकडचे दिवे पिवळे, मलूल झाले होते आणि उजवीकडचे डोळ्यांत खुपतील इतके पांढरे पडले होते. मीटरचे टोक तिने कन्सोलच्या सॉकेटमध्ये घातले. आकडा 318 वर गेला, खाली आला, पुन्हा चढला. दिवे आणि कन्सोल ज्या थ्री-फेज बोर्डावर होते, त्याचा न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजमधला समतोल जातो. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडते आणि ज्या फेजवर भार कमी तिथे ते चढते. कन्सोलच्या फेजवर कन्सोलशिवाय जवळजवळ काहीच नव्हते.

"आप्पा, बोर्ड बंद करा, पूर्ण बंद!" तिने वायरमनला हाक मारली. "न्यूट्रल सुटलाय. घट्ट होईपर्यंत कुणी स्विचला हात लावायचा नाही."

मैदान अंधारले. लोकांत कुजबुज झाली. निवेदकाने प्रसंगावधान राखून माइकशिवायच, खड्या आवाजात, पणत्या लावण्याची विनंती केली. तोपर्यंत स्मिता विंगेत पोहोचली होती. ॲम्प रॅकची वीज थेट जनरेटरवरून वेगळी घेतलेली होती. तिथे मीटरने 232 दाखवले आणि आकडा स्थिर राहिला. इथेच मिक्सर लावायचा. मिक्सर आणि ॲम्प एकाच वीजेवर असले की अर्थिंगच्या फरकामुळे येणारी घरघरही टळते.

पाच वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. बाळूने आणलेल्या मिक्सरला माइकची जागा आठच होती. बाविसातले चौदा माइक सोडायचे आणि मैफल मात्र उणी वाटू द्यायची नाही, हा निर्णय यंत्राचा नव्हता, कानाचा होता. गायिकेचा एक, त्यांच्या मागे साथ करणाऱ्या शिष्येचा एक, तबल्याच्या दायाला आणि बायाला एकेक, हार्मोनियमला दोनऐवजी एक, पखवाजाला एक, निवेदकाला एक. स्वरमंडळाचा स्वतंत्र माइक तिने काढून टाकला, कारण ते गायिकेच्या मांडीवर असते आणि त्यांच्याच माइकमध्ये पुरेसे येते. आठवी जागा तिने दोन तानपुऱ्यांच्या मधोमध ठेवलेल्या कंडेन्सर माइकला दिली. बाळूला ते पटले नाही.

"तानपुऱ्याऐवजी टाळ घेऊ या ना ताई, अभंगात लागतील."

"सुरुवात ललित रागानं आहे. त्यात पंचमच नाही, तानपुरे मध्यमावर लावलेत. तो मध्यम मैदानात पोहोचला नाही, तर गाणं उभं कशावर राहील?"

ॲम्प बंद ठेवूनच तिने केबल जोडल्या, कंडेन्सरला लागणारा 48 व्होल्टचा फँटम वीजपुरवठा चालू केला आणि मगच ॲम्प सुरू केले. उलट क्रमाने गेले असते तर पहाटेच्या शांततेत स्पीकरमधून धाडकन आवाज फुटला असता. कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटर स्पीकरांसाठी मिक्सरवर ऑक्झिलरी, म्हणजे आवाज वेगळा काढून देणाऱ्या वाटा, दोनच होत्या. एक गायिकेला दिली, दुसरी तबला आणि हार्मोनियम यांच्यात वाटली. त्रासदायक फ्रिक्वेन्सी कापून काढणारा ग्राफिक इक्वलायझर कन्सोलबरोबर गेला होता, म्हणून शिट्टी येऊ नये यासाठी जे करायचे ते जागेवरच करणे भाग होते. तिने गायिकेचा मॉनिटर हाताने सरकवून माइकच्या बरोबर पाठीमागे आणला, कारण कार्डिऑइड माइक मागच्या बाजूला सर्वांत बहिरा असतो.

"माइक ओठांच्या थोडा जवळ घ्याल का, ताई?" तिने वाकून विचारले. "आज माझ्याकडं साधनं कमी आहेत."

गायिकेने माइक जवळ ओढला. "मला तानपुरा ऐकू येऊ दे, बाकी तू बघ."

मागच्या स्पीकरांचा प्रश्न उरला होता. ते रंगमंचापासून चाळीस मीटरवर होते. पुढचा आवाज हवेतून तिथवर जायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक वेळ घेतो, आणि मागच्या स्पीकरांना तेवढाच थांबवणारा डिले कन्सोलमध्येच होता. डिलेशिवाय ते चालू केले असते, तर मागच्या श्रोत्यांना प्रत्येक तान दोनदा ऐकू आली असती. स्मिताने ते बंद केले आणि निवेदकाला सांगितले, "मागच्या मंडळींना पुढच्या बैठकीवर यायला सांगा. दाटीवाटीनं बसतील, पण स्वच्छ ऐकतील."

विंगेतून मिक्स करताना मैदानातला आवाज ऐकू येत नाही, म्हणून बाळूला तिने टॉर्च देऊन श्रोत्यांच्या मधोमध बसवले. एकदा उघडझाप म्हणजे गाणे कमी पडते आहे, दोनदा म्हणजे तबला जास्त होतो आहे.

पाच वाजून एकतीस मिनिटांनी तानपुरे छेडले गेले. गायिकेने मध्यम लावला, दोन्ही मध्यमांमधून खाली उतरत त्या षड्जावर आल्या. टॉर्च एकदा लागला. स्मिताने फेडर किंचित वर नेला. टॉर्च पुन्हा लागला नाही.

द्रुत सुरू होण्याच्या सुमारास आप्पांनी काळवंडलेला न्यूट्रलचा लग आणून दाखवला आणि नवा घट्ट बसवल्याचे सांगितले. तिने बोर्डावर जाऊन तिन्ही फेज स्वतः मोजल्या, मगच दिवे लावू दिले. मध्यंतरात संयोजक म्हणाले, "आता मिक्सर बाहेर मांडू या का? मागचे स्पीकरही लागतील." तिने नकार दिला. श्रोते पुढे सरकून बसले होते, आवाज जमला होता आणि चालू मैफलीत जमलेले मोडण्याचे कारण नव्हते. निवेदकाने उत्तरार्धात गायिकेच्याच माइकवरून बोलायचे ठरले. मोकळी झालेली जागा बाळूने अभंगासाठी टाळांना जोडली.