अभ्यासिकेच्या स्मरणफलकाचा मजकूर

मा. कार्यवाह यांस,
स. न. वि. वि.

अण्णांच्या नावाने दिलेल्या अभ्यासिकेच्या फलकाचा मजकूर घरात सगळ्यांच्या संमतीने ठरला आहे. खाली दिला आहे तसाच, त्याच ओळींत कोरावा. मध्ये एकही शब्द वाढवू नये, ही विनंती.

कै. विठ्ठल रामचंद्र मोहिते
खिळेजुळारी
(१९३८–२०२४)
यांच्या स्मरणार्थ

दिवसभर खिळे जुळवून
संध्याकाळी ते येथे वाचायला येत.

पत्नी इंदुबाई आणि कुटुंबीय
गुढीपाडवा, शके १९४८ (१९ मार्च २०२६)

नमुना म्हणून आपण पाठवलेल्या मजकुरात ‘थोर समाजसेवक’ आणि ‘दानशूर’ असे शब्द होते. आपला भाव कळतो, पण अण्णांना ते रुचले नसते. छापखान्यात लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीची पत्रकं जुळवता जुळवता असल्या विशेषणांचे खिळे त्यांच्या हातून इतके गेले होते की घरी ते त्यांची टिंगल करायचे. ‘खिळेजुळारी’ हा एक शब्द मात्र ठेवाच. आजची मुलं त्याचा अर्थ विचारतील. विचारू देत. निदान कुणीतरी त्यांना सांगेल.

रक्कम फलकावर नको. ती आपल्या पावतीवर आहे, आणि नियमाप्रमाणे व्हरांड्यातल्या देणगीदारांच्या फलकावर यायची असेल तर तिथे जरूर यावी. मुलं, सुना, जावई, नातवंडं यांची नावं घालायचा आग्रह आमच्याकडेही झाला. यादी करून पाहिली तर अण्णांचं नाव दोन ओळींत आणि आमची नावं सात ओळींत! म्हणून फक्त आईचं नाव ठेवलं, बाकीचे ‘कुटुंबीय’. उद्घाटकांचं नावही या दगडावर नको. समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते मोठ्या अक्षरात छापू. वाचनालयाचं नाव दारावर आहेच, ते आत पुन्हा कशाला?

तिथी, संवत्सर असं सगळं लिहायची सूचना मामांची होती. येत्या पाडव्याला सुरू होणाऱ्या संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसणार, त्यांच्या डोक्यावर ते नको. शके आणि इंग्रजी तारीख पुरे.

दगड काळा ग्रॅनाइट, दीड फूट रुंद, एक फूट उंच. अक्षरं कोरून त्यांत पांढरा रंग भरावा. सोनेरी रंग ट्यूबलाइटखाली चमकतो आणि वाचता येत नाही. चिकटवायची अक्षरं अजिबात नकोत, चार पावसाळ्यांत त्यांतलं एखादं गळतंच. नाव सगळ्यांत मोठं, शेवटच्या दोन ओळी सगळ्यांत लहान. फलक दाराच्या आतल्या बाजूला, डावीकडे, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावावा. छताजवळ लावलेला फलक फक्त पाल वाचते, हे अण्णांचंच वाक्य.

आता महत्त्वाचं. दगडावर हात चालवण्याआधी पूर्ण आकाराचं प्रूफ बटर पेपरवर काढून मला दाखवावं. कॉम्प्युटरवरच्या जुन्या फॉन्टमधून मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की जोडाक्षरं फुटतात, आणि ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ तर हमखास. मधे पाय मोडलेला ‘ठ्’ आला तर चालणार नाही. अण्णा ते अक्षर जोडाक्षराच्या वेगळ्या खिळ्याने जुळवत. ‘स्मरणार्थ’मधला रफार ‘थ’वरच हवा. अर्ध्या गावातल्या पाट्यांवर ‘स्मर्णार्थ’ असं वाचायला मिळतं आणि ते खोडताही येत नाही. वर्षांच्या मधली रेघ छोटी, पण दिसेल अशी असावी.

टेबलांवर लावायच्या पितळी पट्ट्यांसाठी एकच ओळ:

कै. विठ्ठल रामचंद्र मोहिते यांच्या स्मरणार्थ

तिच्याखाली साल वगैरे काही नको. पट्टी टेबलाच्या कडेला, स्क्रूने बसवावी. वर बसवली तर वही ठेवताना टोचते. पट्ट्या टेबलांपुरत्याच कराव्यात. खुर्च्या, पंखे आणि पाण्याचा कूलर यांवर नाव घालू नये. पंख्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ फिरताना पाहून आई हसली होती, पण नको म्हणाली.

उद्घाटनाच्या वेळी फलक वाचून दाखवायचा असेल तर वरच्या ओळी आहेत तशाच वाचाव्यात. परिचयाचं भाषण वेगळं, तीन मिनिटांचं, ते माझा भाऊ करील.

प्रूफ तयार झालं की फोन करावा, मी स्वतः येऊन पाहीन आणि त्यावर सही करून देईन. सही झाल्याशिवाय कोरायला घेऊ नये, असं कारागिरालाही सांगून ठेवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
वैशाली मोहिते-साळुंखे
कराड