उजळणी चाचणी: ओपिऑइड, गाबा, ग्लुटामेट

एमबीबीएस दुसरे वर्ष, फार्माकॉलॉजी. शनिवार, संध्याकाळी ५, बांबोळी, वसतिगृहाची अभ्यासिका.
गुण २०, वेळ २५ मिनिटे. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. हुज्जत घालायची ती उत्तरे वाचून झाल्यावर घाला.

प्र. १. जोड्या लावा (१० गुण). उजवीकडच्या दोन क्रिया उरतील. त्या कोणत्या औषधांच्या, हे ओळखले तर शाबासकी, गुण नाहीत.

औषधे: १) मॉर्फीन २) ब्युप्रेनॉर्फीन ३) नॅलोक्सोन ४) लोपेरामाईड ५) डायझेपाम ६) फेनोबार्बिटोन ७) फ्लुमाझेनिल ८) बॅक्लोफेन ९) गाबापेन्टिन १०) केटामीन

क्रिया:
अ) गाबा-ए: क्लोराईड चॅनेल जास्त वेळा उघडते, पण गाबा हजर असेल तरच
आ) गाबा-ए: चॅनेल जास्त काळ उघडे राहते, मोठ्या डोसला गाबाशिवायही उघडते
इ) एनएमडीए चॅनेलच्या भोकात अडकून बसते
ई) म्यू रिसेप्टरवर पार्शल अ‍ॅगोनिस्ट, काप्पावर अँटॅगोनिस्ट
उ) म्यू रिसेप्टरवर पूर्ण अ‍ॅगोनिस्ट, मेंदूत पोहोचते
ऊ) म्यू, काप्पा, डेल्टा तिन्हींवर स्पर्धात्मक अँटॅगोनिस्ट
ए) गाबा-बी अ‍ॅगोनिस्ट
ऐ) कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा उपघटकाला चिकटते
ओ) बेन्झोडायझेपीनच्या जागेवर अँटॅगोनिस्ट
औ) म्यू अ‍ॅगोनिस्ट, पण काम आतड्यापुरते
क) एएमपीए रिसेप्टरवर अस्पर्धात्मक अँटॅगोनिस्ट
ख) गाबा ट्रान्सअमायनेज कायमचे बंद पाडते

प्र. २ (४ गुण). डिचोलीच्या एका आजींना कर्करोगाच्या वेदनेसाठी फेन्टानिलचा पॅच लावला आहे. पाठ दुखते म्हणून सुनेने नेमकी पॅचवरच गरम पाण्याची पिशवी ठेवली. कॅज्युअल्टीत आणले तेव्हा श्वास मिनिटाला ६, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नॅलोक्सोन दिल्यावर आजी उठून चहा मागू लागल्या. तासाभराने पुन्हा गुंगी. काय झाले? आता काय कराल?

प्र. ३ (४ गुण). झोपेसाठी वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेणारे काका. हुर्राकच्या मोसमात चार पेले जास्त झाले, वर नेहमीची गोळीही घेतली. हाक मारली तर उठत नाहीत. इंटर्न फ्लुमाझेनिल भरायला निघाला आहे. त्याला का थांबवाल?

प्र. ४ (२ गुण). मेमँटिनही इ) मधलेच काम करते. मग अल्झायमरच्या रुग्णाला केटामीनसारखी भूल का चढत नाही?

उत्तरे

प्र. १: १-उ, २-ई, ३-ऊ, ४-औ, ५-अ, ६-आ, ७-ओ, ८-ए, ९-ऐ, १०-इ. उरलेले क) पेरँपॅनेल, ख) विगाबॅट्रिन.

सगळ्यात जास्त गुण ९ वर जातात. नावात गाबा आहे, रेणूची घडणही गाबासारखी, तरी गाबापेन्टिन गाबाच्या कोणत्याही रिसेप्टरला शिवत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हटकून येतो. लोपेरामाईडला पी-ग्लायकोप्रोटीन मेंदूतून बाहेर हाकलते, म्हणून जुलाब थांबतात पण नशा येत नाही. अ आणि आ मधला फरक म्हणजे नुसते पाठांतर नव्हे: डायझेपाम गाबाशिवाय लुळे, म्हणून एकट्याने जीव घेणे त्याला अवघड, बार्बिच्युरेटला तो लगाम नाही. ब्युप्रेनॉर्फीन म्यूला घट्ट धरते. मॉर्फीनवर असलेल्या रुग्णाला दिले तर मॉर्फीनला हुसकावते आणि विथड्रॉवल सुरू होतो.

प्र. २: उष्णतेने त्वचेतून फेन्टानिलचे शोषण वाढले. नॅलोक्सोनचा हाफ-लाइफ साधारण तासाभराचा, पण पॅच काढला तरी त्वचेतला साठा तासन्‌तास रक्तात उतरत राहतो. प्रथम श्वास सांभाळा, पॅच काढा, नॅलोक्सोन पुन्हा द्या किंवा इन्फ्युजन लावा, आणि नजरेखाली ठेवा. डोस थोडा थोडा वाढवा. एकदम सगळा उतरवलात तर कर्करोगाची वेदना उसळून परत येईल. «पॅच काढला» हे लिहायला विसरलेल्याचा एक गुण कापा, दया नको.

प्र. ३: जुनी सवय असलेल्या माणसात फ्लुमाझेनिलने झटके येऊ शकतात. शिवाय दारू गाबा-ए वाढवते आणि एनएमडीए दाबते. तिच्या गुंगीवर फ्लुमाझेनिलचा भरवसा नाही. श्वासमार्ग, ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेशन, आणि साखर तपासा. नॅलोक्सोनने या दोन्हींपैकी काहीच उतरणार नाही. ते लिहिले असेल तर शून्य.

प्र. ४: मेमँटिनची पकड सैल आणि व्होल्टेजवर अवलंबून. सतत झिरपणाऱ्या ग्लुटामेटने उघडे राहिलेले चॅनेल ते अडवते. खरा, जोराचा संदेश आला की चटकन बाहेर पडते. केटामीन इतक्या लवकर जागा सोडत नाही.