सुमनताई, ठाणं गेलं, आता ऐक!

सुमनताई, ठाणं सोडलं गाडीने. दादरला तू उतरणार, म्हणजे माझ्याकडे फार तर पंचवीस मिनिटं आहेत, त्यातली पाच कुर्ल्यानंतर तू दरवाज्याकडे सरकण्यात जातील. म्हणून तुझ्या निरोपाचं लिहूनच आणलंय. आणि आज ठाण्याला उठलीस तशी परत बस. आज नियम नाही.

हा नियम नव्या मुलींना सांगते. ताई बदलापूरला चढणार, खिडकी धरणार, आम्हा अंबरनाथ-उल्हासनगरवाल्यांच्या जागांवर पर्स, रुमाल, छत्री टाकून ठेवणार. त्यावरून कल्याणच्या बायकांशी किती भांडणं झाली ते सोडा, चूक आपलीच होती. पण ठाणं आलं की ही उठायची. गुडघा दुखो, पाऊस असो, ‘कोण उभी आहे कल्याणपासून? बस गं.’ ती उठली की आपल्यालाही उठावं लागायचं, काय करणार! मी पहिल्या महिन्यात झोपेचं सोंग घेतलं होतं, तर हिने माझ्याच मांडीवर मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाली, ‘झोप लागत नसेल तर निवड.’ आपल्या ग्रुपमध्ये सीटवरून अबोला धरणाऱ्या दोघीच निघाल्या, आणि त्या दोघीही आज इथे समोरासमोर बसल्यात. हसू नका.

तो मेथीचा कारभारही बघण्यासारखा. पानं एका पिशवीत, देठं दुसऱ्या, आणि माती झटकायची ती पिशवीच्या आतच, खाली एक काडी नाही. डोंबिवली येईपर्यंत जुडी संपलेली.

२६ जुलै २००५ ला आपण इथे होतो त्यातल्या आता तिघीच उरलोय. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. रात्रभर डब्यात अंधार, खाली रुळांवर पाणी. ताईच्या डब्यात दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी शिल्लक होती, ती नऊ जणींत वाटली गेली. मला आलेला तुकडा बोटाएवढा होता. पण त्याहून जास्त आठवते ती तिची बडबड. सकाळपर्यंत तिने आम्हाला कुडाळच्या घराचा इतका नकाशा सांगितला, की मी न जाता सांगू शकते, विहीर कुठे, फणस कुठे आणि सासूबाईंचा तुळशीकट्टा कुठे. आता तिथेच चाललीस.

आणि २०२० चा जून. आम्ही सगळ्या घरात, आणि हॉस्पिटलातली नोकरी म्हणून १५ जूनला गाड्या सुरू झाल्या झाल्या तू एकटी निघालीस. सकाळी फोटो पाठवलास: अख्खा लेडीज डबा, सगळ्या खिडक्या रिकाम्या. खाली लिहिलं होतंस, ‘आज कुठेही बसता येतंय, बसावंसं वाटत नाही.’ तो फोटो मी अजून पुसला नाही.

आता जरा देण्याघेण्याचं. साडी सगळ्यांची मिळून आहे, सुती आहे, रंगावरून तीन दिवस वाद झालाय, तेव्हा आवडली नाही तरी आवडली म्हण. तुझा तो सळईचा हुक, खिडकीच्या जाळीला पिशवी अडकवायचा, तो तू काल आपल्या सगळ्यात लहान मुलीला दिलास. तिला तेव्हा कळलं नाही तू काय दिलंस ते. आज सकाळी डबा त्याला अडकवून हात मोकळे झाले, तेव्हा रडली. भिशीचा हिशोब मी बघेन. तुझ्याइतका चोख नसेल.

दसऱ्याला डब्याला तोरण कोण बांधणार, हे ठरलेलं नाही. तू पायात चप्पल न घालता त्या सीटवर उभी राहून झेंडू बांधायचीस आणि खालून आम्ही ‘डावीकडे, अजून डावीकडे’ ओरडायचो. उंची तुझ्याएवढी एकीचीही नाही.

तुतारीचं तिकीट कन्फर्म आहे ना? शनिवारी बसशील तेव्हा एक लक्षात ठेव: तिथे बर्थ आपल्या नावाचा असतो. समोरच्या बाईला सवयीने ‘कुठे उतरणार?’ विचारू नकोस, ती घाबरेल. गणपतीत आम्ही सहाजणी येणार आहोत. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठला सगळ्यांनी मोबाईल हातात धरायचे ठरलेत. मिळालं नाही तर जनरलने येऊ, आपल्याला उभं राहायची सवय आहे.

कुर्ला गेलं बघ. पर्स, डबा, छत्री घे. आणि तो त्रैमासिक पास! तू काल हळहळत होतीस, अजून अकरा दिवस बाकी आहेत, पैसे वाया गेले म्हणून. फेकू नकोस. शनिवारपर्यंत बँकेचं, गॅसचं काही काम निघालं आणि मुंबईला यावं लागलं, तर ७.५१ नेच ये. या वेळी पर्स मी टाकून ठेवते. चल, सरक पुढे, दादरला दारात गर्दी असते.